दवाखान्यातील नंबर जवळ आल्याची सूचना नेमकी केव्हा द्यावी?

शेवंती

माझे यजमान बालरोगतज्ञ आहेत आणि सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचा दवाखाना आहे. सकाळची ओपीडी साडेनऊ ते दोन असते आणि पावसाळ्यात तापाची साथ असली की रोज साठाच्या आसपास नंबर लागतात. नंबर सकाळी आठपासून फोनवर किंवा दारात येऊन वहीत लावता येतो. आमच्याकडे बसायला अठरा खुर्च्या आहेत. बाकीची माणसे लेकरांना घेऊन व्हरांड्यात आणि समोरच्या लिंबाखाली थांबतात. दीड महिन्याचे बाळ लसींसाठी आलेले असते आणि त्याच्या शेजारी कांजिण्या आलेले मूल आईच्या मांडीवर असते, हे दृश्य मी रोज पाहते आणि ते मला सहन होत नाही.

गेल्या वर्षी आम्ही असे ठरवले की लोकांनी घरी, बाजारात किंवा नातेवाइकांकडे थांबावे आणि पुढे पाच जण उरले की आमच्या कंपाउंडरांनी त्यांना फोनवर संदेश पाठवावा. पहिल्या दिवशी काही जण उशिरा पोहोचले आणि त्यांचा नंबर गेला. दुसऱ्या दिवशी काही जण तासभर आधीच येऊन बसले. चौथ्या दिवशी सगळे पुन्हा आठ वाजता दारात होते आणि आम्ही ते बंद केले. या पावसाळ्यात मला ते नीट उभे करायचे आहे. पुढे किती जण असताना सूचना द्यावी, याचा काही हिशोब असतो का?

काटकोन

हिशोब सोपा आहे. साडेनऊ ते दोन म्हणजे २७० मिनिटे आणि नंबर साठ, म्हणजे एका रुग्णाला सरासरी साडेचार मिनिटे. एकतिसावा नंबर असलेल्या माणसाच्या आधी तीस जण, म्हणून १३५ मिनिटे, म्हणजे पावणेबाराला त्याची पाळी. नंबर लावतानाच प्रत्येकाला त्याची वेळ सांगून टाका. मग सूचनाच लागणार नाही आणि कंपाउंडरांचे कामही वाचेल.

शेवंती

काटकोन, सरासरी बरोबर आहे, पण वेळ सांगून आम्ही एकदा पाहिले आहे. परवा मी घड्याळ घेऊन ओळीने एकवीस रुग्णांची वेळ लिहिली. फक्त रिपोर्ट दाखवायला आलेले एक जण पावणेदोन मिनिटांत बाहेर आले आणि जुलाबाने सुकलेल्या एका बाळाला सतरा मिनिटे लागली. त्याहून मोठी अडचण म्हणजे गावातल्या प्रसूतिगृहातून सिझेरियनच्या वेळी बाळ घ्यायला यांना बोलावणे येते. तेव्हा हे तीस ते पन्नास मिनिटे दवाखान्यातच नसतात. पावणेबारा सांगितलेल्या माणसाला आम्ही साडेबाराला घेतले, तर तो आम्हाला खोटे ठरवतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटले असते.

भाऊसाहेब_निवृत्त

नमस्कार. माझा अनुभव सांगतो. मागच्या महिन्यात पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी सेवा केंद्रात गेलो होतो. सव्वादहाची वेळ ऑनलाइन मिळाली होती आणि त्या वेळेला आत घेतलेही. तुम्हीही लोकांना ऑनलाइन अपॉइंटमेंट द्यावी, म्हणजे गर्दीच होणार नाही. मात्र तिथे आत गेल्यावर ए, बी आणि सी अशा तीन काउंटरांवर टोकन फिरते. ए काउंटर झाल्यावर बी काउंटरला पाच मिनिटांत बोलावतील की पाऊण तासाने, हे कळत नव्हते. मला मधुमेह आहे, पण खायला बाहेर जायची हिंमत झाली नाही. तिथे अशी सूचना फोनवर आली असती तर बरे झाले असते.

टोकनखिडकी

मी चौदा वर्षे एका मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात टोकनची व्यवस्था सांभाळली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भाऊसाहेब, अपॉइंटमेंट आणि पाळीची सूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपॉइंटमेंट ठरवून येणाऱ्यांसाठी असते. रात्री ताप चढलेल्या मुलाची आई आदल्या दिवशी वेळ घेऊ शकत नाही. तुम्ही सांगितलेली तीन काउंटरांची अडचण मात्र खरी आहे. जिथे एकाच माणसाला एकामागून एक दोन-तीन रांगांतून जावे लागते, तिथे पहिल्या रांगेच्या दारापर्यंतच भरवशाची सूचना देता येते. पुढच्या रांगेत किती जण आधीच अडकले आहेत, यावर सगळे अवलंबून असते आणि ते घटकेघटकेला बदलते. शेवंतीताईंकडे एक डॉक्टर आणि एक दार आहे, म्हणून त्यांचे काम त्या मानाने सोपे आहे.

शेवंतीताई, तुमची गेल्या वर्षीची चूक पाच या आकड्यात नव्हती. सगळ्यांना एकच आकडा लावला, ही चूक होती. पाच जण पुढे असणे म्हणजे साधारण बावीस मिनिटे. बाजारपेठेत थांबलेल्या माणसाला ती पुरून उरतात आणि अठरा किलोमीटरवरच्या वस्तीवरून मोटारसायकलीने येणाऱ्याला ती पुरत नाहीत. तेव्हा नंबर लावतानाच प्रश्न विचारायचा की तुम्ही कुठे थांबणार आहात आणि निघाल्यापासून दारात यायला किती वेळ लागेल. ते उत्तर वहीत नंबरापुढे लिहायचे. माझा अनुभव असा की लोक रस्त्याचा वेळ सांगतात आणि मुलाला तयार करण्याचा वेळ विसरतात, म्हणून सांगितलेल्या वेळेत मी नेहमी दहा मिनिटे मिळवत असे.

आता काटकोन यांनी मांडलेल्या सरासरीचा उपयोग कुठे करायचा ते पाहा. समजा एकतिसावा नंबर अशा वस्तीवरचा आहे आणि त्यांना सगळे धरून चाळीस मिनिटे लागतात. साडेचारने भागले तर नऊ येतात, म्हणून पुढे नऊ जण असताना निरोप द्यावा असे वाटेल. पण त्या नऊ जणांपैकी दोघे आलेच नाहीत आणि उरलेल्यांत रिपोर्टवाले जास्त निघाले, तर सात जण तीन-तीन मिनिटांत उरकतात. एकवीस मिनिटांत पाळी येते, तेव्हा ते कुटुंब अर्ध्या रस्त्यात असते. सूचनेची वेळ सरासरी दिवसावरून ठरवायची नसते. रांग भरभर सरकेल त्या दिवसावरून ती ठरवायची असते. म्हणून यांना पुढे चौदा जण असतानाच निघायला सांगा. तीन गळाले आणि बाकीचे साडेतीन मिनिटांचे निघाले, तरी अडतीस मिनिटे मिळतात. सगळे नेहमीच्या गतीने गेले तर तेसष्ट मिनिटे लागतील, म्हणजे त्यांना दवाखान्यात वीस-पंचवीस मिनिटे बसावे लागेल. तेवढे बसणे चालेल. डॉक्टरांच्या दाराशी चार-पाच जण कायम तयार हवेतच, नाहीतर डॉक्टर रिकामे बसतात आणि मागच्या सगळ्यांचा वेळ वाढतो. अडीच तासांचे बसणे वीस मिनिटांवर आणणे एवढेच आपल्या हातात आहे. ते शून्यावर आणायला गेलात की सगळे कोसळते.

काटकोन

मान्य. मी सरासरीलाच वेळ समजून बसलो होतो. पण मग प्रत्येकाने स्वतःच पाहावे. दवाखान्यात आता कितवा नंबर चालू आहे, तो आकडा एखाद्या वेबपानावर टाकला की एकतीस वजा तेवीस बरोबर आठ, हे कोणालाही कळते. सूचना पाठवायची कटकटच नको.

इंजेक्शन_रूम

मी एका दवाखान्यात बारा वर्षांपासून नंबर पुकारण्याचे आणि केसपेपर काढण्याचे काम करते. काटकोन दादा, तेवीस चालू आहे म्हणजे एकतिसाच्या पुढे आठ जण आहेत, असे आमच्याकडे कधीच नसते. एकोणीस नंबर चहाला गेला होता तो परत आलेला असतो. अकरा आणि चौदा नंबरांना रक्त तपासायला पाठवलेले असते, ते रिपोर्ट घेऊन दाराशी उभे असतात. एखादे मूल तापाने झटका येऊन आलेले असते, त्याला आम्ही थेट आत घेतो. उलट सव्वीस आणि अठ्ठावीस आलेलेच नसतात. वहीतला आकडा वेगळा आणि पुढे खरोखर उभी असलेली माणसे वेगळी. घरी बसलेला माणूस वजाबाकी करून येतो, दार उघडून बघतो आणि माझ्याशी भांडतो की मध्ये कोणाला घुसवले.

आणखी एक सांगते. असल्या यंत्रात प्रत्येक रुग्णाला बटण दाबावे लागते. आमच्याकडे एकदा टॅब आणला होता. पहिले दहा नंबर मी दाबले. मग एकाच वेळी फोन वाजायला लागला, एका आईला वजनकाट्यावर बाळ ठेवायचे होते आणि आतून डॉक्टरांनी नेब्युलायझर लावायला सांगितले. त्यानंतर मी पाऊण तासाने पाहिले तर टॅबवर अजून दहाच नंबर होता. बाहेरच्या लोकांना वाटले रांग अडली आहे, म्हणून ते आलेच नाहीत.

टोकनखिडकी

इंजेक्शन रूम यांनी जे लिहिले आहे ते या सगळ्या विषयाचे मर्म आहे आणि यंत्रे विकणारे ते कधीच सांगत नाहीत. आकडा पुढे सरकवणे हे वेगळे काम म्हणून दिले, तर गर्दीच्या वेळी, म्हणजे नेमके जेव्हा त्याची गरज असते तेव्हाच, ते राहून जाते. म्हणून ते अशा कामाला जोडायचे जे केल्यावाचून रुग्ण आत जाऊच शकत नाही. आमच्याकडे केसपेपर डॉक्टरांच्या टेबलावर जाण्याआधी त्यावरची छापील पट्टी वाचकयंत्रासमोर धरावी लागे. तुमच्याकडे छापील पट्टी नसेल, तर केसपेपर एका ट्रेमध्ये क्रमाने लावून ठेवा आणि दाराजवळ बसलेल्या माणसाने वरचा कागद आत देतानाच वहीत खूण करावी. खूण चुकली असेल तर ते ओळखायलाही सोपे आहे. ट्रेमधले कागद आणि खूण नसलेले नंबर मोजून पाहायचे. ते जुळले नाहीत तर कुठेतरी चूक आहे, आणि हे दर तासाला एकदा केले तरी पुरते.

तक्ताप्रेमी

वहीऐवजी स्प्रेडशीट चालत असेल तर पुढे उभ्या असलेल्या माणसांची मोजणी आपोआप होते. पहिल्या स्तंभात नंबर ठेवा, दुसऱ्यात क्रम आणि तिसऱ्यात स्थिती. सुरुवातीला नंबर आणि क्रम एकच असतात आणि सगळ्यांची स्थिती "आहे" असते. स्थितीत तीनच शब्द लिहायचे, "आहे", "गेले" किंवा "नाही". चौथ्या स्तंभात दुसऱ्या ओळीपासून हे सूत्र टाकून खाली ओढायचे:

```
=COUNTIFS(C:C,"आहे",B:B,"<"&B2)
```

उशिरा आलेल्या एकोणिसाव्या नंबराला चोवीस आणि पंचविसाच्या मध्ये घ्यायचे ठरले, तर त्याचा क्रम 24.5 लिहायचा आणि स्थिती पुन्हा "आहे" करायची. पंचविसापासून पुढच्या सगळ्यांचा आकडा एकाने वाढतो आणि कोणाचाही मूळ नंबर बदलत नाही. रिपोर्ट घेऊन परत आलेल्यांनाही असेच बसवता येते. पाचव्या स्तंभात प्रत्येकाला किती जण पुढे असताना निरोप द्यायचा तो आकडा लिहून ठेवला, की चौथा आकडा त्याच्याइतका झाल्याबरोबर त्या ओळीला रंग देण्याची सोय करता येते. फक्त स्थितीचे शब्द हाताने लिहू नका, निवडण्याची यादी लावा. "आहे"च्या पुढे चुकून दुसरे एखादे अक्षर पडले तरी तो माणूस मोजणीतून गळतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

शेवंती

तक्ताप्रेमी, हे मला जमण्यासारखे आहे, मनापासून आभार. पण उशिरा आलेल्याला नेमके कुठे घ्यायचे? आमच्याकडे रोजचा वाद याच्यावरून होतो. आमचे कंपाउंडर म्हणतात, एकदा नंबर गेला की शेवटी. यजमानांचे मन मऊ आहे, ते म्हणतात आला तसा घ्या.

टोकनखिडकी

या दोन्ही नियमांनी सूचनेचा जीव जातो. आला तसा आत घ्यायचे ठरले, तर वेळेवर येण्याचे कारणच उरत नाही आणि आधीपासून बसलेली माणसे चिडतात. शेवटी टाकायचे ठरले, तर कोणीही दवाखाना सोडून जाण्याचे धाडस करणार नाही, कारण पाच मिनिटांच्या चुकीची शिक्षा दोन तासांची आहे. तुमच्याकडे चौथ्या दिवशी सगळे आठ वाजता दारात का होते, याचे कारण मला यातच दिसते. आम्ही असा नियम केला होता की पुकारा झाल्यावर जो हजर नाही, तो आल्यानंतर पुढच्या दोघांच्या मागे जातो. म्हणजे नुकसान दहा मिनिटांचे. तेवढे नुकसान माणूस मुकाट्याने सोसतो, आणि तेवढे टाळण्यासाठी धडपडतोही. हा नियम मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा आणि नंबर लावतानाही सांगा. मात्र डॉक्टरांच्या ओळखीच्या माणसालाही तोच लागू झाला पाहिजे. एकदा जरी मोडलात तरी लोक पुन्हा दारात बसायला लागतील.

रिपोर्टवाल्यांसाठी वेगळा नियम हवा. त्यांनी एकदा पाळी दिलेली आहे, म्हणून त्यांना पुन्हा मागे ढकलणे योग्य नाही. पण सगळे एकदम आले तर रांग थिजते. दर तीन नव्या रुग्णांमागे एक रिपोर्ट, असे आम्ही ठेवले होते.

सावळाराम_वस्ती

मी रुग्णाच्या बाजूने लिहितो. आमच्या घरात एकच फोन आहे आणि तो माझ्यापाशी असतो. मी साखर कारखान्यावर पाळीला असतो. मुलगी आजारी पडली की मंडळी तिला घेऊन एसटीने जाते. दवाखान्यातून निरोप आला तर तो कारखान्यातल्या माझ्या फोनवर येईल. तिला कसा कळणार? दुसरे म्हणजे एसटी आमच्या फाट्यावर सकाळी सात आणि साडेदहा अशी दोनदाच येते. पुढे चौदा जण आहेत म्हणून निघा, असे कोणी सांगितले तरी गाडी तेव्हाच निघते असे नाही. आम्ही सातच्या गाडीनेच येणार. आमच्यासारख्यांनी काय करावे?

शेवंती

सावळाराम दादा, तुमचा प्रश्न वाचून मी थोडी थांबले. आमच्या वहीतले बरेचसे फोन वडिलांचे आहेत हे खरे आहे आणि गेल्या वर्षी काही जण "आलेच नाहीत" असे आम्ही म्हणत होतो, त्यांतले कितीतरी असेच असतील. फोन आत्ता कोणाच्या हातात आहे हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नाही.

टोकनखिडकी

तो प्रश्न नंबर लावतानाच विचारायला हवा आणि बाळाबरोबर असलेल्या माणसाकडे फोन नसेल, तर त्यांना सूचनेच्या यादीत न धरता दवाखान्यातच खुर्ची द्यायची. सूचना ही ज्यांना बाहेर थांबणे शक्य आहे त्यांच्यासाठी असते. ते बाहेर थांबले म्हणजे अठरा खुर्च्या एसटीने आलेल्यांना मिळतात, एवढा फायदा त्यांना होतो. तुमचे बाकीचे म्हणणे खरे आहे, दादा. एसटीची वेळ आपल्याला हलवता येत नाही.

निरोप कोणत्या मार्गाने द्यायचा, हेही सांगतो. संस्थेच्या नावाने एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे असतील, तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा आधी दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी मंचावर नोंदवावा लागतो आणि साच्याबाहेरचा मजकूर अडवला जातो. मजकूर देवनागरीत असेल तर एका एसएमएसमध्ये सत्तरच अक्षरे मावतात, आणि त्यांत काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. त्याहून लांब झाला की दोन एसएमएसचे पैसे पडतात. म्हणून मजकूर असा आखडता ठेवा की "नंबर ३१. पुढे १४ जण. आता निघा." यात मुलाचे नाव नको, आजार नको आणि डॉक्टरांच्या शाखेचाही उल्लेख नको, कारण तो फोन घरात कोणीही उघडते. रोजच्या साठ नंबरांसाठी मात्र मी सरळ फोन करायचे सुचवीन. डेटा बंद असला तर व्हॉट्सॲपचा निरोप पडून राहतो आणि बॅटरी वाचवण्याची सोय चालू असली तरी तो उशिरा दिसू शकतो. घंटी वाजली की निदान कळते. फोन उचलून "निघालो" म्हणाले तर स्थिती "आहे" अशीच ठेवा, दोनदा उचलला नाही तर "नाही" करा. गळणारी माणसे तुम्हाला चौदा नंबर आधीच कळतात, हा फोनचा मोठा फायदा आहे.

इंजेक्शन_रूम

एक भीती सांगू का? मूल घरी आहे आणि आई आमच्या फोनची वाट पाहते आहे, असे असताना मूल बिघडले तर? दवाखान्यात बसलेले मूल मला दिसते. धाप लागली, मान टाकली तर मी त्याला उचलून आत नेते. घरचे मूल मला दिसत नाही.

शेवंती

ही भीती यजमानांनीही बोलून दाखवली आणि मला वाटते ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. त्यांनी नंबर लावताना विचारायचे चार प्रश्न लिहून दिले. मूल दूध किंवा पाणी पीत आहे का, घेतलेले सगळे उलटून पडते आहे का, झटका आला होता का, आणि ते नेहमीसारखे जागे आहे की सुस्त पडून आहे. यांपैकी एकही उत्तर वाईट आले तर नंबर द्यायचा नाही, लगेच घेऊन या म्हणायचे. श्वास भरभर चालला असेल किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतले असून त्याला ताप असेल, तरीही लगेच. आणि घरी थांबणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे की यातले काही दिसले तर आमच्या फोनची वाट पाहू नका.

शेवंती (तीन आठवड्यांनी)

सुरू करून अठरा दिवस झाले, म्हणून कळवते. पहिले तीन दिवस आम्ही सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितले नाही. फक्त गावात राहणारे आणि जवळ मोटारसायकल असलेले, असे रोज वीस-बावीस जण घेतले. त्यांना गावातले असतील तर पुढे सात आणि वस्तीवरचे असतील तर चौदा जण असताना फोन जातो. खूण करण्याचे काम केसपेपर आत देणाऱ्या मुलीकडे आहे. त्यामुळे आमच्या कंपाउंडरांना फक्त रंगलेली ओळ पाहून फोन लावायचा असतो.

परवाचा प्रसंग सांगते. अकरा वाजून वीस मिनिटांनी सिझेरियनचे बोलावणे आले आणि हे उठून गेले. चोवीस नंबर आत जायचा होता. पंचवीस ते तेहतीस दवाखान्यात बसले होते, चौतीस आणि छत्तीस वाटेत होते. रांग हलत नसल्यामुळे नवी ओळ रंगत नव्हती, म्हणून कोणाला चुकीचा फोन गेला नाही, पण घरी थांबलेल्यांना काय चालले आहे ते कळत नव्हते आणि पंधरा मिनिटांत आमचा फोन वाजायचा थांबेना. शेवटी मी स्वतः माझ्या फोनवरून सदतिसाच्या पुढच्या सगळ्यांना एकच निरोप पाठवला की डॉक्टर प्रसूतीसाठी गेले आहेत, रांग थांबली आहे, आमचा फोन आल्यावरच निघा. त्यानंतर फोन थांबले. हे पाच मिनिटांत करायला हवे होते, हे आता आम्ही लिहून ठेवले आहे. हे बारा वाजून दहा मिनिटांनी परतले. त्या दिवशी बाहेर थांबलेल्यांपैकी एकच जण उशिरा आला आणि दोघांच्या मागे गेला. तो काही बोलला नाही.

लसीकरणाच्या बाळांना आम्ही आता व्हरांड्याच्या टोकाच्या वेगळ्या बाकावर बसवतो आणि तो बाक रिकामा ठेवता येतो, हे मला सगळ्यांत जास्त समाधान देणारे आहे.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. सातच्या एसटीने आलेली माणसे आठपासून बसलेली असतात. त्यांच्या डोळ्यांदेखत साडेअकराला कोणीतरी मोटारसायकलीवरून येते आणि वीस मिनिटांत आत जाते. नंबर त्याचा आधीचा असतो, कारण त्याने आठ वाजून एका मिनिटाने फोन केलेला असतो, आणि एसटीवाली बाई आठ वाजून दहा मिनिटांनी दारात पोहोचलेली असते. काल एक आजी मला म्हणाल्या, "बाई, आम्ही इथं बसून हाय आन् त्यो घरी झोपून आला." मी त्यांना वही दाखवली, पण त्यांना ते पटले असे मला वाटत नाही.

सावळाराम_वस्ती

त्या आजींचे बरोबर आहे. फोनवरचे नंबर आठला आणि दारातले साडेसातला सुरू करा.

काटकोन

तसे केले तर पुन्हा सगळे साडेसातला दारात येतील आणि शेवंतीताई होत्या तिथेच परत जातील. त्यापेक्षा फोनला आणि दाराला एकाआड एक नंबर द्यावेत. दारात पहिला, फोनवर दुसरा, असे.

टोकनखिडकी

एकाआड एकमध्येही अडचण आहे. ज्या दिवशी दारात दहा आणि फोनवर पन्नास असतील, त्या दिवशी अकराव्या फोनपासून पुढचे सगळे आपोआप मागे पडतात आणि दारातला दहावा माणूस उशिरा येऊनही एकोणिसाव्या जागी पोहोचतो. आमच्याकडे सगळे नंबर खिडकीवरच मिळत असल्यामुळे हा प्रश्न मला कधी सोडवावा लागला नाही. शेवंतीताई, एसटीने येणारे रोज साधारण किती असतात आणि ते पहिल्या वीस नंबरांत किती असतात, एवढे एक आठवडाभर लिहून इथे सांगाल का? ते आकडे पाहिल्याशिवाय मी काही सुचवणार नाही.

शेवंती

सोमवारपासून वहीत वेगळा रकाना करते.